खांद्यावरचा हात

यादी शनिवारी संध्याकाळी वाचून दाखवली. आमच्या संघातल्या पाच मुली चाचणीला गेल्या होत्या, त्यातल्या एकीचं नाव आलं. मी खो-खो शिकवतो, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, बावीस वर्षं झाली. आमच्या मैदानावरची मुलगी राज्य अजिंक्यपद स्पर्धेला जाणार, हे पहिल्यांदाच घडत होतं. परत येताना जीपमध्ये मुली गप्प होत्या. दमल्या असतील असं मला वाटलं. घरी आलो, जेवलो आणि साडेदहाच्या सुमाराला मोबाईल हातात घेतला. दहा मिनिटांत लिहून टाकलं. मुलीचं नाव आडनावासकट त्यात होतं, इथे गाळलंय. बाकी मजकूर असा होता:

"अभिमानाचा क्षण! माझ्या तालमीत तयार झालेल्या माझ्या विद्यार्थिनीची राज्य संघात निवड! चार वर्षांपूर्वी पायात चप्पल नसलेली एक मुलगी मैदानाच्या कडेला उभी होती. माझ्या नजरेने त्या मातीतला हिरा ओळखला. आईवडील मोलमजुरी करणारे, घरी अठराविश्वे दारिद्र्य, खेळाचा गंध नाही. पण मी हार मानली नाही. पहाटे पाचपासून मी तिच्यावर मेहनत घेतली. खांबावरचा सूर मी तिला शिकवला. आज माझ्या कष्टांचं चीज झालं. माझ्या या लेकीला पुढील वाटचालीस शुभेच्छा!"

सोबत फोटो. तो जिल्हा स्पर्धेतल्या संघाच्या फोटोतून कापून घेतला होता. नीट कापता आला नाही, त्यामुळे तिच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला. नुसता मनगटापर्यंतचा हात, त्यात लाल दोरा. चालतंय की, म्हटलं आणि पाठवून दिला. फेसबुकवर आणि गावातल्या तीन ग्रुपवर. सकाळपर्यंत दोनशेच्या वर लोकांनी अंगठे दाखवले होते आणि मी चहा पिता पिता ते मोजत होतो, हेही सांगून टाकतो.

रविवारचा सराव सहाला सुरू होतो. तिची आई स्वतः मैदानावर आली, हे एरवी कधी होत नाही. मला वाटलं, पेढे घेऊन आल्या असतील. हातात पिशवी होती, पण ती द्राक्षबागेत विरळणीला जाताना असते तीच, डबा आणि कात्री असलेली. बाई तशा कमी बोलतात. म्हणाल्या, "सर, चप्पल होती की तिला."

मी म्हटलं, "अहो, ते आपलं लिहायची पद्धत असते."

"न्हाई, पर होती की. मैदानात यायच्या आधी काढून चिंचंखाली ठेवायची. सगळ्याच पोरी ठेवत्यात."

खरंच होतं. आमचं मैदान मातीचं आहे, बहुतेक मुली अनवाणीच खेळतात आणि चिंचेखाली चपलांची रांग असते. ती रांग मी रोज बघतो. बाई पुढे काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या की तिच्या वडलांनी रात्री वाचलंय आणि त्यांना ते 'बरं वाटलं न्हाई'.

त्या गेल्या आणि सराव सुरू झाला. मधल्या सुट्टीत पाणी पिताना आमची कर्णधार माझ्याजवळ आली. तिच्या मनगटावर लाल दोरा होता. ही मुलगी चाचणीत मागे पडली होती. थोडं थांबून म्हणाली, "सर, पोलवर ती बाद करती ते खरंय. पण तिला खो कोण देतंय?"

यात तक्रारीचा सूर नव्हता. गणित विचारावं तसं तिने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी खो-खो नुसता शाळेत खेळला असेल त्यांच्यासाठी हा प्रश्न जरा उलगडून सांगतो, कारण माझी अख्खी पोस्ट इथेच घसरली होती. आक्रमण करणाऱ्या संघाच्या आठ मुली मधल्या पाटीवर आठ चौकांत बसतात, एकीआड एक उलट्या तोंडाने. नववी धावते. धावणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागेही वळता येत नाही. पळणारी मुलगी मात्र बसलेल्यांच्या मधून हवी तशी सुटते. ती पलीकडे सुटली की पलीकडे तोंड असलेल्या मुलीला पाठीमागून स्पर्श करून 'खो' द्यायचा. ती उठते आणि देणारी तिच्या जागी बसते.

आमच्या या मुलीचं बळ खांबावर आहे. पळणारी खांबाला वळसा घालायला गेली की ही पहिल्या चौकातून उठते, एका हाताने खांब धरते आणि अंग झोकून दुसऱ्या हाताने तिला टिपते. दिसायला फार देखणं. प्रेक्षकांत शिट्ट्या वाजतात त्या यावेळी. पण ही उठणार कधी, ते तिच्या हातात नसतं. खो लवकर आला तर पळणारी खांबाकडे न जाता परत पाटीत घुसते. उशिरा आला तर ती खांब फिरून गेलेली असते आणि आमची मुलगी मातीला मिठी मारते. पळणारीचं अंग खांबाकडे कललं आणि आता तिला पाऊल मागे घेता येणार नाही, तो अर्ध्या पावलाचा क्षण पकडून खो द्यावा लागतो. आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक खोबरोबर बसण्याच्या जागा बदलतात. आमची पोलची मुलगी एकदा उठली की पहिल्या चौकात दुसरीच कुणीतरी बसलेली असते. तिला फिरून तिथे आणायचं, तेही तिचं तोंड हव्या बाजूला येईल असं, हे काम बाकीच्या आठजणी मिळून करतात. मैदानाबाहेरून ते दिसतही नाही.

गुणपत्रकात यातलं काय उतरतं? बाद कोण झालं, किती वेळात झालं, कुणी केलं, कसं केलं. खो कुणी दिला याचा रकाना आमच्याकडच्या गुणपत्रकात नाही. निवड समितीला दोष देत नाही मी. चाचणीत वेगवेगळ्या संघांतल्या मुली मिसळून खेळवतात, तिथे किती गडी टिपले आणि संरक्षणात किती वेळ तग धरली हेच डोळ्यांत भरतं. निवड तर एकेकीचीच करायची असते. पण मी काही निवड समिती नव्हतो. मी वर्षभर त्या नऊही मुली बघत आलो होतो आणि तरी गुणपत्रकाच्याच रकान्यांतून लिहिलं.

त्या दुपारी मी जिल्हा स्पर्धेची चित्रफीत काढून बसलो. एका मुलीच्या भावाने चारही सामने मोबाईलवर घेतले होते. हलतंय, मधेच कुणाचं डोकं येतंय, पण मोजता येण्यासारखं होतं. वहीत रेघा ओढल्या. चार सामन्यांत तिने १४ गडी बाद केले होते, त्यातले ९ खांबावर. त्या ९ पैकी किती वेळा कर्णधाराचा खो होता ते मी दोनदा मोजलं. ५ आले. उरलेल्यांत दोन खो आमच्या सातव्या चौकात बसणाऱ्या मुलीचे होते, तिला चाचणीला बोलावणंसुद्धा आलं नव्हतं. कर्णधाराच्या स्वतःच्या नावावर चार सामन्यांत तीन गडी. मी चित्रफीत बंद केली.

संध्याकाळी आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंकडे गेलो. मजकूर दाखवला आणि म्हटलं, बघा जरा, कुठे दुरुस्त करू. बाईंनी पेन्सिल घेतली, सगळे 'मी' आणि 'माझ्या' गोल केले. आठ निघाले. ते मला अपेक्षितच होतं. मग त्यांनी विचारलं, "सर, या मजकुरात मुलगी काय करते?"

मी वाचून पाहिलं. मी ओळखलं, मी मेहनत घेतली, मी शिकवलं. तिची निवड झाली.

"ती उभी होती," बाई म्हणाल्या. "पूर्ण मजकुरात तिच्या वाट्याला आलेलं क्रियापद एवढंच. खो-खोची खेळाडू आणि तुम्ही तिला उभी करून ठेवलीय."

मला हसू आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. बाईंनी दुसरी चूक दाखवली ती भाषेची नव्हती, माझ्याच खेळातली होती. 'राज्य संघात निवड' म्हणजे काय, असं त्यांनी सहज विचारलं आणि माझ्या लक्षात आलं की मी धडधडीत चुकीचं लिहिलंय. तिची निवड झाली होती जिल्ह्याच्या संघात, मुलींच्या १८ वर्षांखालील गटात. जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धा खेळतो आणि त्या स्पर्धेत चमकणाऱ्यांतून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो, तो राष्ट्रीय स्पर्धेला. म्हणजे मी तिला एक पायरी आधीच चढवून बसवलं होतं. उद्या ती महाराष्ट्राच्या संघात आली नाही तर गाव तिलाच विचारणार, 'काय गं, काढलं काय तुला?' हे 'राज्यस्तरीय निवड' प्रकरण आमच्याकडे सर्रास होतं, फ्लेक्सवर तर हमखास. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून पालकांनाही पायऱ्या पटापट चढायची घाई झालीय. पण पालकांचं एक, मला तरी कळायला हवं होतं.

पहिला नवा मसुदा मी त्याच रात्री लिहिला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट झाला. 'माझ्या' एकही नव्हता. त्याऐवजी संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी, सर्व सहकारी खेळाडू, पालक, ग्रामस्थ आणि क्रीडाप्रेमी यांचे अनमोल सहकार्य लाभले. कर्णधार 'सर्व सहकारी खेळाडू' मध्ये गेली, आई 'पालक' मध्ये आणि मुलगी तर कुठे गेली ते सापडेना. सगळ्यांना सारखं वाटलं की कुणाच्याच हाताला काही लागत नाही. लग्नपत्रिकेतल्या 'समस्त भावकी'सारखं.

मग ठरवलं की ज्याने जे केलं तेवढंच लिहायचं आणि जे मला माहीत नाही ते जाऊन विचारायचं.

तिच्या घरी सोमवारी संध्याकाळी गेलो. वडील ओट्यावर टेम्पोचा आरसा बसवत होते. माझी माफी मागून झाली. ते म्हणाले, "टेम्पोचे हप्ते हायत सर, गरिबी न्हाई. हप्ते सगळ्यांचेच असत्यात." मी विचारलं, घरच्यांचं लिहिलं तर चालेल का, आणि काय लिहू. ते म्हणाले, "आमचं काय लिवू नका. आम्ही काय केलं? लिवायचं तर म्हातारीचं लिवा."

आजी आत होत्या. चार वर्षांपूर्वीची गोष्ट मला आठवत होती, पण अर्धीच. सातवीतल्या या मुलीला माझ्याकडे धाडलं होतं ते जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी. 'हिला पळती चांगली आहे, बसायला तेवढं शिकवा' अशी चिठ्ठी दिली होती त्यांनी. हिरा ओळखणारी नजर माझी नव्हती, गुरुजींची होती. पहिल्या वर्षी सराव संपेपर्यंत अंधार पडायचा आणि मळ्यातलं घर दोन किलोमीटर. तर या आजी रोज पाच वाजता येऊन चिंचेखाली बसायच्या, पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. शेंगा फोडत बसायच्या, सराव संपला की नातीला घेऊन जायच्या. वर्षभर. मी त्यांना रोज बघायचो आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की म्हातारीला वेळ जात नाही म्हणून येते.

धाकट्या भावाचं मला काहीच माहीत नव्हतं. डेअरीला सकाळचं दूध घालायचं काम आधी हिचं होतं. सराव सहाला सुरू झाल्यापासून तो घालतो. तेव्हा तो पाचवीत होता. हे मला त्यानेच सांगितलं, जरा रागानेच, कारण थंडीत साडेपाचला सायकल चालवायची म्हणजे काय ते मला माहीत नसणार, असं त्याचं मत होतं.

आईने मात्र स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. "डबा तर सगळ्याच देत्यात," म्हणाल्या. त्यांच्याबद्दल मी शेवटी काही लिहिलं नाही. त्यांना नको होतं आणि ओढून आणलेलं वाक्य परत चपलेसारखं झालं असतं.

मुलींना विचारणं जास्त अवघड गेलं. निवड न झालेल्या मुलींची नावं घालावीत की नाही? माझा समज असा की नाव आलं की बरं वाटेल. कर्णधार म्हणाली, घाला, पण खो दिला एवढंच लिहा, 'त्याग' वगैरे नको. सातव्या चौकातली मुलगी मात्र नको म्हणाली. "सर, माझं नाव वाचलं की लोक म्हणणार, म्हणजे ही राहिली." ते मला सुचलं नव्हतं. तिला गाळायचं नव्हतं आणि नावाने घालायचंही नव्हतं. शेवटी ठरलं की कुणाचंच नाव नको, निवड झालेलीचंही नको. नाहीतरी या सगळ्या सतरा वर्षांच्या आतल्या मुली. पूर्ण नाव, गाव, शाळा आणि फोटो असं एकत्र लिहून जगापुढे ठेवायची तशी गरज नव्हतीच. गावात कोण कोण ते सगळ्यांना माहीत आहे. फोटो संपूर्ण संघाचा टाकायचा, न कापता.

मंगळवारी रात्री टाकलेला मजकूर असा:

"आधी दुरुस्ती. शनिवारी मी 'राज्य संघात निवड' असं लिहिलं होतं, ते चूक होतं. आमच्या संघातल्या एका खेळाडूची मुलींच्या जिल्हा संघात निवड झाली आहे आणि ती राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खेळेल. घरच्या परिस्थितीबद्दल जे लिहिलं तेही खरं नव्हतं, ते मागे घेतो. जिल्हा स्पर्धेत चार सामन्यांत तिने १४ गडी बाद केले, ९ खांबावर. त्या ९ पैकी ५ वेळा तिला खो दिला तो आमच्या कर्णधाराने, दोनदा सातव्या चौकातल्या खेळाडूने. खो वेळेवर आला नसता तर सूर मातीत गेला असता. तिला खो-खोकडे वळवलं जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी. पहिलं वर्षभर सराव संपेपर्यंत तिची आजी चिंचेखाली शेंगा फोडत बसायची, म्हणून ती अंधार पडेपर्यंत खेळू शकली. तिच्या वाटचं सकाळचं दूध चार वर्षं तिचा भाऊ घालतोय. खांबावरचा सूर मी शिकवला. तो रोज शंभर वेळा मारला तिने."

एक 'मी' दुरुस्तीचा आणि एक शिकवण्याचा. शिकवण्याचा मी मुद्दाम ठेवला. बाई म्हणाल्या होत्या की तोही काढलात तर ते खोटं विनयाचं होईल आणि सूर काही चिंचेवरून पडला नाही.

फेसबुकवर जुनाच मजकूर बदलता आला. व्हॉट्सअॅपवर पंधरा मिनिटांनंतर काही बदलता येत नाही, तिथे नव्याने टाकावं लागलं आणि जुना मजकूर अजून फिरतोय. एका स्थानिक दैनिकाने रविवारीच तो उचलून 'राज्य संघात निवड' असा मथळा छापला होता. दुरुस्ती कळवली, छापून आली नाही. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, अध्यक्षांचं नाव कुठे आहे? मी म्हटलं, फ्लेक्सवर घालू. फ्लेक्सवर सगळ्यांना जागा असते. त्यांना ते पटलं आणि फ्लेक्स झालाही, अध्यक्ष मोठे, मुलगी कोपऱ्यात. त्याच्याशी भांडायला मी गेलो नाही.

नव्या मजकुराला सत्तरेक अंगठे आले. आजींना नातवाने वाचून दाखवला, तर त्यांना शेंगांचं लिहिलेलं अजिबात आवडलं नाही. "ते काय लिवायचं असतं व्हय?" म्हणाल्या म्हणे. काढू का, असं मी निरोप पाठवून विचारलं. राहू द्या म्हणाल्या.

बुधवारी सकाळी सरावाला ती स्वतः जरा लवकर आली. चपला काढून चिंचेखाली ठेवल्या. मी विचारलं, वाचलंस का? म्हणाली, "हो सर. पण पाच न्हाई, सहा."

"काय सहा?"

"तिचे खो. फायनलला दुसऱ्या डावात त्याचा मोबाईल खाली गेलता बघा, नुसती माती दिसत होती. तेव्हाचा पण तिचाच होता."

कर्णधार खांबाजवळ चुना टाकत होती. मी तिला हाक मारून विचारलं. तिने मान हलवली, हो, तिचाच. मी मोबाईल काढला आणि पाचाचे सहा केले.